आकडा शून्यावर आला, पण इन्सुलिन गेले का?

इन्सुलिनची कुपी आणि सिरिंज वापरणाऱ्या माणसाला एक गोष्ट न शिकवता कळते. सिरिंजमध्ये औषध किती चढले ते त्याला दिसते आणि टोचल्यावर ते संपले हेही दिसते. पेनाच्या बाबतीत तसे नाही. पेनाच्या खिडकीत दिसतो तो फक्त आकडा. 16 वर फिरवले, बटण दाबले, टिकटिक आवाज आला, आकडा खाली उतरला, की 16 युनिट इन्सुलिन शरीरात गेले असे रुग्ण समजतो. वास्तविक त्या आकड्याने एवढेच सांगितलेले असते की आतला दट्ट्या पुढे सरकवणारी यंत्रणा फिरली. सुईच्या टोकातून काय बाहेर पडले, याची पेनाला काहीच खबर नसते.

ही खबर घेण्यासाठीच प्रत्येक पेनाच्या माहितीपत्रकात एक कृती दिलेली असते. टोचण्याआधी प्रत्येक वेळी 2 युनिट फिरवायचे, सुई वर धरून बटण दाबायचे आणि टोकावर थेंब येतो का ते पाहायचे. तिला कोणी ‘सेफ्टी टेस्ट’ म्हणतात, कोणी पेन ‘प्राइम’ करणे म्हणतात. अर्ध्या मिनिटाचे हे काम पेन घेतल्यानंतर पहिले दोन-चार दिवस होते आणि मग सुटते. ‘रोज दोन युनिट वाया का घालवायचे?’ हा प्रश्न त्यामागे असतो, आणि पैसे मोजून औषध घेणाऱ्या घरात तो अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र डॉक्टरच्या टेबलावर क्वचितच दिले जाते.

दिघाशीतले एक घर

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावातले एक घर नजरेसमोर आणू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी मधुमेहाच्या कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात ओळखीची वाटेल. घरची भातशेती, मुलगा भिवंडीकडच्या गोदामात कामाला, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या आजी गेली अकरा वर्षे मधुमेही. गोळ्यांनी साखर आटोक्यात राहीना म्हणून त्यांना दिवसातून दोनदा घ्यायचे मिश्र इन्सुलिन सुरू झाले. नाश्त्याआधी 18 आणि रात्रीच्या जेवणाआधी 12 युनिट. आजींना खिडकीतला आकडा नीट दिसत नाही, म्हणून नातू तो लावून देतो आणि आजी टोचून घेतात.

पहिले दोन महिने ठीक गेले. मग उपाशीपोटीची साखर 160 वरून 240 वर गेली आणि पुढच्या तपासणीत 290 आली. खाण्यात बदल नाही, ताप नाही, जखम नाही, इंजेक्शन चुकवलेले नाही. डॉक्टरांनी विचारले, ‘रोज घेता ना?’ आजी म्हणाल्या, ‘एक दिवस सोडला नाही.’ दोन्ही बाजूंनी सगळे खरेच होते. डोस 24 आणि 16 वर नेण्यात आला.

त्या दिवशी पेनात नवे कार्ट्रिज घातले गेले, पण सुई जुनीच राहिली. घरातले सुयांचे पाकीट संपत आले होते, आणि ‘सुई आपली एकटीचीच तर आहे’ म्हणून तीच तीन आठवडे चालली होती. बटण जड झाले होते. कधी आकडा 5 किंवा 6 वर येऊन अडकायचा. मग नातू बटण उलटे फिरवून तो शून्यावर आणून ठेवायचा, पुढच्या वेळी गोंधळ नको म्हणून. टोचून झाल्यावर सुईच्या टोकाला थेंब लोंबकळत असे आणि पोटावर ओल येत असे. ‘एवढे चालायचेच,’ असे घरात ठरून गेले होते.

बाराव्या दिवशी ते कार्ट्रिज संपले. मुलाने येताना नवे कार्ट्रिज आणि सुयांचे नवे पाकीट आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सुईने 24 युनिट गेले, रात्री 16. पहाटे अडीचच्या सुमाराला आजी घामाने चिंब झाल्या, हात थरथरू लागले, बोलणे तुटक झाले. घरात ग्लुकोमीटर होता. साखर 52. सुनेने पाण्यात तीन चमचे साखर घालून प्यायला दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग दूध-बिस्किटे दिली, आणि आजी सावरल्या. त्या झोपेतून जाग्याच झाल्या नसत्या तर गोष्ट वेगळी झाली असती.

घरच्यांचा निष्कर्ष साहजिक होता: डॉक्टरांनी डोस जास्त दिला. पण खरे कारण वेगळे होते आणि ते एका साध्या गुणाकारात सापडते.

हिशेब न जुळणारे कार्ट्रिज

पेनाच्या नेहमीच्या कार्ट्रिजमध्ये 3 मिलिलिटर इन्सुलिन असते आणि एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट. म्हणजे एकूण 300 युनिट. आजींचा वाढलेला डोस दिवसाला 40 युनिट होता. त्या हिशेबाने कार्ट्रिज साडेसात दिवसांत संपायला हवे होते. ते बारा दिवस पुरले. 40 गुणिले 12 म्हणजे 480 युनिट खिडकीत मोजले गेले, पण कार्ट्रिजमध्ये होते फक्त 300. उरलेले 180 युनिट कागदावर दिले गेले होते, शरीरात गेले नव्हते. आत जे गेले ते दिवसाला सरासरी 25 युनिट, आणि त्यातलेही काही पोटावर ओघळून गेले.

म्हणजे आजींना डोस वाढवून हवा होता की नाही, हे कोणालाच माहीत नव्हते. त्यांचा आधीचा 30 युनिटचा डोसही पूर्ण जात नव्हता. अर्धवट बुजलेल्या सुईमागे डोस वाढवत नेला, आणि सुई बदलताच तो सगळा एकाच दिवशी लागू पडला. बुजलेल्या सुईचा हा धोका दुहेरी आहे. आधी साखर वाढलेली राहते, आणि नंतर, कोणी काही चूक केलेली नसताना, ती एकदम खाली येते.

हा गुणाकार कोणत्याही घरात करता येतो. दिवसाचे एकूण युनिट घ्यावेत, प्रत्येक डोसामागे चाचणीचे 2 मिळवावेत आणि 300 ला त्या आकड्याने भागावे. दिवसाला 30 युनिट दोन वेळांत घेणाऱ्याचे चाचणीसह 34 होतात, म्हणजे कार्ट्रिज नऊ दिवसांच्या आत संपले पाहिजे. कार्ट्रिज घातल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली तर पुरे. ते तेरा-चौदा दिवस पुरले, तर बचत झाली म्हणून आनंद मानू नये. औषध कुठेतरी अडते आहे.

सुई बुजते कशी?

पेनाची सुई फार बारीक असते. आता सर्रास वापरली जाणारी 32 गेजची सुई बाहेरून जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, आणि आतली पोकळी त्याहून कितीतरी लहान. एकदा टोचून झाल्यावर त्या पोकळीत इन्सुलिनचा अंश राहतो. तो वाळला की त्याचे स्फटिक बनतात. टोकाला त्वचेखालच्या चरबीचा सूक्ष्म कणही अडकतो. आजींचे मिश्र इन्सुलिन दुधासारखे पांढुरके असते, कारण त्यात न विरघळलेले कण तरंगत असतात. ते नीट ढवळले गेले नाही तर कणांच्या गुठळ्या बुजण्याला हातभार लावतात. पुन्हापुन्हा वापराने सुईचे टोकही वाकते, आणि मग टोचणे अधिक दुखते.

सुई पेनावर लावून ठेवण्याची सवय याच्या जोडीला येते. सुई लावलेली असते तोवर कार्ट्रिज आणि बाहेरची हवा यांच्यात एक उघडी वाट असते. असे पेन फ्रिजच्या दारात ठेवले की आतले इन्सुलिन थंड होऊन किंचित आकसते आणि सुईतून हवा आत ओढली जाते. बाहेरच्या उकाड्यात ठेवले की ते प्रसरण पावून सुईतून झिरपते. मिश्र इन्सुलिनमधून असा पातळ भाग झिरपून गेला, तर आत उरलेल्याचे प्रमाणही बिघडते. म्हणून प्रत्येक वेळी टोचून झाल्यावर सुई काढायची हा नियम आहे.

आत शिरलेला हवेचा बुडबुडा त्वचेखाली गेला म्हणून काही अपाय होत नाही. ती भीती अनाठायी आहे. अडचण दुसरीच आहे. इन्सुलिन दाबले जात नाही, हवा दाबली जाते. बटण दाबल्यावर बुडबुडा आधी स्प्रिंगसारखा आकसतो आणि मग हळूहळू फुलत इन्सुलिन बाहेर ढकलतो. तोवर रुग्णाने सुई बाहेर काढलेली असते, आणि उरलेला डोस पोटावर किंवा जमिनीवर थेंबाथेंबाने पडतो. पेनाची मापे किती नाजूक आहेत ते पाहिले म्हणजे हे पटेल. एका युनिटसाठी कार्ट्रिजमधला रबरी दट्ट्या मिलिमीटरचा साधारण सातवा भाग एवढाच सरकतो. दट्ट्या आणि पेनाचा दांडा यांच्यात केसाएवढी पोकळी राहिली, जी नवे कार्ट्रिज घातल्यावर हमखास राहते, तरी पहिल्या डोसातले काही युनिट ती पोकळी भरण्यातच खर्च होतात.

थेंब पाहण्याची पद्धत

चाचणी नुसती करून भागत नाही, ती क्रमाने करावी लागते. इन्सुलिन पांढुरके असेल तर सुई लावण्याआधी पेन दोन्ही तळव्यांत दहा वेळा लोळवावे आणि दहा वेळा वरखाली कलते करावे, सगळे सारखे दुधट दिसेपर्यंत. खळखळून हलवू नये, फेस होतो. पाण्यासारखे स्वच्छ इन्सुलिन ढवळावे लागत नाही. ते गढूळ दिसले तर वापरूच नये.

मग कार्ट्रिजच्या तोंडाचे रबर पुसून नवी सुई सरळ रेषेत फिरवून बसवावी. सुईला मागच्या बाजूलाही एक टोक असते आणि ते त्या रबराला भोक पाडते. सुई तिरकी बसवली तर हे मागचे टोक वाकते. समोरून सुई ठाकठीक दिसते, पण इन्सुलिनपर्यंत ती पोहोचलेलीच नसते. यानंतर बाहेरचे मोठे टोपण काढून बाजूला ठेवावे आणि आतले छोटे टोपण काढून टाकावे.

हे छोटे टोपण क्षुल्लक नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या औषध-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थांनी त्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. तिथल्या रुग्णालयांत आपोआप झाकणाऱ्या सुया वापरतात. तसे शिकून घरी गेलेल्या काही रुग्णांनी साध्या सुईचे आतले टोपण न काढताच इंजेक्शन घेतले. इन्सुलिन टोपणात साचत राहिले आणि साखर वाढत गेली. त्यातल्या एका रुग्णाचा साखर व आम्ल वाढून मृत्यू झाला. टोचण्याआधी थेंब पाहिला असता, तर टोपण पहिल्याच दिवशी लक्षात आले असते.

आता पेनावर 2 युनिट लावावेत. सुई वर, छताकडे धरावी. बोटाने कार्ट्रिजवर हलके टिचकी मारावी म्हणजे बुडबुडे वर सरकतात. बटण पूर्ण दाबावे. खिडकीत 0 आला पाहिजे आणि सुईच्या टोकावर थेंब किंवा बारीक धार दिसली पाहिजे. दोन्ही गोष्टी हव्यात. नजर अधू असेल तर मागे गडद रंगाचे कापड धरावे, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला पाहायला सांगावे. टिकटिक आवाजावर विसंबू नये. आवाज यंत्रणेचा असतो, औषधाचा नाही. बहुतेक पेनांना चाचणीसाठी 2 युनिट लागतात, पण एका मिलिलिटरमध्ये 300 युनिट असलेल्या दाट ग्लार्जिनच्या पेनाला 3 लागतात. म्हणून आपल्या पेनाचे पत्रक एकदा वाचून घ्यावे.

थेंब आला नाही तर लगेच सुईला दोष देऊ नये. आत हवा असू शकते, आणि नव्या कार्ट्रिजमध्ये पोकळी असतेच. चाचणी आणखी दोन वेळा करावी. नव्या कार्ट्रिजला क्वचित याहून जास्त वेळा करावी लागते. तरीही सुई कोरडीच राहिली तर सुई बदलावी आणि पुन्हा चाचणी करावी. नव्या सुईनेही थेंब येत नसेल तर बिघाड पेनात आहे. ते पेन त्या दिवशी वापरू नये. जोर लावून बटण दाबणे हा उपाय नाही, त्याने पेनाचे आतले दाते मोडतात.

थेंब दिसला की मगच डोस लावावा आणि त्याच सुईने टोचावे. बटण पूर्ण दाबून आकडा 0 वर आल्यावर, बटण तसेच दाबून ठेवत मनात सावकाश दहा मोजावेत आणि मग सुई बाहेर काढावी. टोकाला एखादा बारीक थेंब दिसला तर काळजी नको. रोजच थेंब गळत असतील, तर एक तर दहा मोजले जात नाहीत, किंवा आत हवा आहे, किंवा सुई बुजत चालली आहे.

टोचतानाच अडले तर

चाचणीत थेंब आला, पण टोचताना बटण जड झाले किंवा आकडा मध्येच थांबला, असे क्वचित होते. तेव्हा किती गेले आणि किती राहिले हा प्रश्न पडतो. खिडकीत 6 दिसतात म्हणजे 10 गेले, असे गृहीत धरता येत नाही. काही पेनांच्या पत्रकातच बजावलेले असते की सुई बुजलेली असेल तर आकडा काहीसा खाली सरकूनही इन्सुलिन अजिबात गेलेले नसू शकते. आजींच्या नातवासारखा आकडा उलटा फिरवून शून्यावर आणणे तर सर्वांत वाईट. त्याने अडचण मिटत नाही, फक्त तिचा पुरावा पुसला जातो.

अशा वेळी अंदाजाने पूर्ण डोस पुन्हा टोचू नये. आधीचा अर्धा गेला असेल तर दीडपट डोस होईल. आकडा कुठे थांबला ते लिहून ठेवावे, सुई बदलून चाचणी करून पेन सुरू आहे याची खात्री करावी, साखर मोजावी आणि डॉक्टरांना विचारावे. ते शक्य नसेल तर दर दोन-तीन तासांनी साखर पाहत पुढचा डोस वेळेवर घ्यावा. प्रकार 1 चा मधुमेह असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र वाट पाहत बसू नये. त्यांच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन जवळपास नसते, त्यामुळे पूर्ण डोस हुकला तर काही तासांतच उलट्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास सुरू होऊ शकतो. ही लक्षणे दिसली तर थेट रुग्णालय गाठावे.

आणखी एक धोक्याची युक्ती गावोगाव दिसते. पेन अडले की घरातली साधी इन्सुलिन सिरिंज घेऊन कार्ट्रिजमधून औषध ओढायचे. कुपीतल्या इन्सुलिनसाठी असलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजवरचे आकडे 40 युनिटच्या मापाचे असतात. कार्ट्रिज 100 युनिटचे असते. त्या सिरिंजने 16 च्या खुणेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात 40 युनिट भरले जातात, म्हणजे अडीचपट. न मिळालेल्या डोसापेक्षा हा डोस कितीतरी घातक आहे. पेन अडल्यावर नवी सुई हवी, नसेल तर दुसरे पेन, आणि तेही नसेल तर 40 युनिटची कुपी व तिचीच सिरिंज. पण कार्ट्रिज आणि लाल टोपणाची सिरिंज यांची गाठ कधीच पडता कामा नये.

दोन युनिटची किंमत कोणी धरायची?

आता पुन्हा त्या रास्त प्रश्नाकडे. 2 युनिट वाया का घालवायचे? दिवसातून दोन इंजेक्शने म्हणजे चाचणीचे 4 युनिट, महिन्याला 120. आजींच्या पहिल्या डोसाने महिन्याला 900 युनिट म्हणजे नेमकी तीन कार्ट्रिजे लागत. चाचणी धरली तर 1,020 युनिट लागतात, म्हणजे चौथे कार्ट्रिज फोडावे लागते. त्याशिवाय साठ सुया. हा खर्च खरा आहे आणि तो नाकारून कोणालाही चाचणी शिकवता येणार नाही.

पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर काय लिहिलेले असते? ‘18-0-12, एक महिना.’ औषधाच्या दुकानात किंवा औषध वाटप खिडकीवर त्याचा हिशेब होतो आणि तीन कार्ट्रिजे हातात पडतात. सुयांचा उल्लेख अनेकदा नसतोच. म्हणजे रुग्णाने चाचणी केली तर महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस त्याला इन्सुलिनच उरत नाही. ते टाळण्यासाठी तो आधी चाचणी सोडतो, मग सुई पुन्हा वापरू लागतो. आपण त्याला बेफिकीर म्हणतो, पण त्याचा महिना मोजताना चुकलेले असतात ते चिठ्ठी लिहिणारे. चिठ्ठीवर डोसासोबत ‘प्रत्येक वेळी चाचणीचे 2 युनिट’ आणि सुयांची संख्या लिहिली पाहिजे, आणि जिथे पेनाचे इन्सुलिन सरकारी पुरवठ्यातून दिले जाते तिथे मागणीही त्याच हिशेबाने नोंदवली पाहिजे. 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत ग्लार्जिनचा समावेश झाला. औषध यादीत आले, पण ते पोहोचवणारी सुई हिशेबात आली नाही, तर काम अर्धेच झाले.

ज्यांना रोज नवी सुई परवडत नाही त्यांच्यासाठी सत्य लपवण्यात अर्थ नाही. शिफारस एक सुई एकदाच वापरण्याची आहे. तरीही एखाद्या घरात सुई पुन्हा वापरली जाणार असेल, तर तिथे थेंबाची चाचणी सोडण्याला अजिबात वाव नाही. नवी सुई बुजलेली असण्याची शक्यता कमी. जुनी कधी बुजेल याचा नेम नाही. बटण जड लागले, थेंब उशिरा आला, धार वाकडी गेली, की ती सुई त्याच क्षणी जाड प्लास्टिकच्या डब्यात गेली पाहिजे.

शेवटची जबाबदारी डॉक्टरांची आहे. नियमित इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाची साखर कारण नसताना वाढली, तर डोस वाढवण्याआधी त्याला पेन घेऊन बोलवावे आणि समोर 2 युनिट काढून दाखवायला सांगावे. पोटावर एकाच जागी टोचून गाठी झाल्या आहेत का, हेही त्याच वेळी हाताने चाचपून पाहावे. कार्ट्रिज कधी घातले ते विचारावे. गावात हेच काम उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेला किंवा घरी जाणाऱ्या आशाताईंना करता येते. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. ‘रोज घेता ना?’ या प्रश्नाला आजींनी खरे उत्तर दिले होते. ‘थेंब दिसतो ना?’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

त्या पहाटेनंतर आजींचा डोस पुन्हा 18 आणि 12 वर आणावा लागेल, नव्या सुयांनी आणि चाचणीसह दोन आठवडे साखर लिहून ठेवावी लागेल, आणि मगच तो वाढवायचा की नाही हे ठरेल. कदाचित वाढवावाच लागणार नाही. नातवाचे काम मात्र थोडे वाढेल. आकडा लावण्याआधी त्याने सुई खिडकीतल्या उजेडात धरायची, 2 युनिट दाबायचे आणि आजींना सांगायचे, ‘आला.’